शून्य परिकल्पना : आठ कप चहाची कसोटी

कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा दावा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रातील म्युरियल ब्रिस्टल यांनी १९२०च्या दशकात केला होता. असा दावा कसा पारखावा, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली आपल्या ग्रंथात मांडले. कप आठ, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. ते कोणत्याही ठरावीक क्रमाविना पुढे ठेवायचे आणि आधी दूध घातलेले चार कप चाखणाऱ्याने निवडायचे.

येथे आरंभी गृहीत धरले जाते ते दाव्याच्या उलट : फरक कळत नाही, निवड केवळ अंदाजाने होते. हीच शून्य परिकल्पना. 'फरक कळतो' हे विधान मोघम आहे; दर वेळी कळतो की दहांपैकी सहा वेळा? त्यावरून गणित मांडता येत नाही. निव्वळ अंदाजाचे गणित मात्र नेमके मांडता येते. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार आहेत व त्यांतील एकच अचूक. म्हणजे योगायोगाने चारही कप बरोबर निघण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के. ती प्रचलित पाच टक्क्यांच्या मर्यादेहून कमी असल्याने परिकल्पना नाकारली जाते.

चारांपैकी तीनच बरोबर आले तर? निदान तेवढे यश अंदाजानेही ७० पैकी १७ प्रकारांत, म्हणजे सुमारे २४ टक्के वेळा मिळते. तेव्हा परिकल्पना नाकारता येत नाही. मात्र ती सिद्धही होत नाही. पुरावा अपुरा पडला, एवढाच त्याचा अर्थ. चाखणाऱ्याचे कौशल्य सूक्ष्म असेल, तर ते उघड होण्यास आठ कप पुरत नाहीत.