छापील शिलकेत न दिसणारे शंभर पाउंड

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या भाचीने लीड्सहून मला तिच्या बँक स्टेटमेंटचा फोटो पाठवला. नाशिकहून शिकायला जाऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. सोबत एकच प्रश्न होता : "मामा, सात तारखेला खात्यात 218 पाउंड होते, विजेचं बिल 126 पाउंडांचं होतं. मग ते परत का गेलं?"

तिच्या जागी कोणीही असता तरी हेच विचारले असते. कागदावरचा हिशेब चोख होता. गोम अशी, की ज्या शंभर पाउंडांमुळे बिल परत गेले त्यांची ओळच त्या कागदावर नव्हती.

आधी एका शब्दाचा गोंधळ सोडवू. आपल्याकडे 'करंट अकाउंट' म्हणजे व्यापाऱ्याचे चालू खाते. ब्रिटनमध्ये मात्र पगार, घरभाडे, किराणा, सगळे ज्यातून चालते ते रोजचे खाते म्हणजे करंट अकाउंट. विद्यार्थ्याचेही तेच. स्टेटमेंटमध्ये दर ओळीला तारीख, व्यवहाराचा प्रकार, रक्कम आणि शेवटी शिल्लक असते. काही बँका प्रकाराचा रकाना आखूड अक्षरांत छापतात. त्यातले DD म्हणजे डायरेक्ट डेबिट.

डायरेक्ट डेबिट म्हणजे कंपनीला दिलेली वसुलीची परवानगी. तारीख आणि रक्कम कंपनी ठरवते, पण त्यात बदल करायचा असेल तर आधी कळवावे लागते, साधारणपणे दहा कामाचे दिवस आधी. तसे न करता भलतीच रक्कम उचलली, तर ती ताबडतोब आणि पूर्ण परत द्यायची जबाबदारी तुमच्या बँकेची. याला तिकडे 'डायरेक्ट डेबिट गॅरंटी' म्हणतात, आणि ग्राहकाच्या हातातले हे फार मोलाचे साधन आहे. जिम किंवा सिनेमाची ॲप्स पुष्कळदा कार्डाचा नंबर घेऊन दर महिन्याला पैसे कापतात. ते डायरेक्ट डेबिट नव्हे. त्याला ही हमी लागू नाही.

आता भाचीचा ऑक्टोबर बघू. एक तारखेला खात्यात 286 पाउंड होते. मोबाइलचे 12 गेले, दुसऱ्या दिवशी किराण्याचे साडेएकतीस. उरले 242.50. तीन तारखेच्या शुक्रवारी ती मैत्रिणींबरोबर एडिंबराला गेली. खोलीचे भाडे आधीच भरलेले होते, पण काउंटरवर अनामत म्हणून तिचे डेबिट कार्ड मागून घेतले आणि त्यावर शंभर पाउंडांचा 'होल्ड' टाकला. शनिवार-रविवारच्या खाण्यापिण्याचे साडेचोवीस धरून छापील शिल्लक झाली 218.

होल्डमध्ये पैसे खात्यातून जात नाहीत. ते जागच्या जागी अडवले जातात. हॉटेलने बँकेला सांगितलेले असते, की एवढी रक्कम माझ्यासाठी बाजूला ठेव, लागली तर घेईन. म्हणून खात्याला दोन शिलका असतात : एक प्रत्यक्ष, एक वापरण्याजोगी. ॲपमध्ये दुसरीला 'अव्हेलेबल बॅलन्स' म्हणतात आणि अडवलेली रक्कम 'पेंडिंग' म्हणून दिसते. स्टेटमेंटवर फक्त पुरे झालेले व्यवहार छापले जातात. हॉटेलने अखेर काहीच घेतले नाही, म्हणून ते शंभर पाउंड कागदावर ना वजा दिसले, ना जमा.

"पण रविवारी निघताना काउंटरवरचा माणूस म्हणाला, रिफंड केलंय." ही तिची दुसरी अडचण. ती तीन दिवस शंभरच्या जमेची ओळ शोधत होती. मुळात पैसे घेतलेच नव्हते, तर जमा काय होणार? हॉटेलने अडवणूक सोडल्याचा निरोप धाडला असेलही, पण तो बँकेपर्यंत पोचून रक्कम मोकळी व्हायला काही कामाचे दिवस जातात. निरोप गेलाच नाही, तर मुदत संपून होल्ड आपोआप गळून पडेपर्यंत थांबावे लागते. भाचीचे शंभर पाउंड नऊ तारखेला मोकळे झाले.

आणि बिल आले होते सात तारखेला. चौघींचे वीज-गॅस तिच्या नावावर, 126 पाउंड. प्रत्यक्ष शिल्लक 218, वापरण्याजोगी 118. आठ पाउंड कमी पडले आणि बँकेने डेबिट परत पाठवले.

मला हळहळ वाटते ती याच आठ पाउंडांची. ब्रिटनमधल्या बहुतेक बँका पहाटे पैसे कमी पडले तर लगेच नकार देत नाहीत. त्याच दिवशी दुपारी पुन्हा एकदा प्रयत्न करतात. दोनच्या सुमाराची वेळ असते, प्रत्येक बँकेची थोडी वेगळी. सकाळी तसा संदेशही येतो. तो भाचीला आला होता. तिने प्रत्यक्ष शिल्लक पाहिली, 218 दिसले, आणि संदेश चुकून आला असेल म्हणून सोडून दिला. मैत्रिणीकडून दहा पाउंड वळते करून घेतले असते, तर तिकडे ते काही मिनिटांत जमा होतात.

कंपनीने तेच बिल 21 तारखेला पुन्हा लावले. तेव्हा खात्यात 96 पाउंड होते. या वेळी बँकेने बिल भरून टाकले आणि खाते तीस पाउंडांनी उणे गेले. शिलकेच्या रकान्यात 30.00 आणि त्यापुढे D हे अक्षर. उणे चिन्ह नाही, लाल शाई नाही. काही बँका OD लिहितात. आधीपासून मर्यादा ठरवून न घेता खाते असे उणे गेले, तर त्याला ठरवून न घेतलेला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. भरायचे की परत पाठवायचे, हे अशा वेळी बँक ठरवते. त्यामुळे एकदा नकार आणि एकदा होकार, असे त्याच बिलाचे होऊ शकते.

आता भाची घाबरली. आधी गेलेल्या मुलांनी सांगून ठेवले होते, की ओव्हरड्राफ्टला दिवसाला पाच-पाच पाउंड पडतात. हे एकेकाळी खरे होते. पण एप्रिल 2020 पासून ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने असे ठोक दैनिक आणि मासिक शुल्क बंद केले. आता फक्त वार्षिक दराने व्याज लावता येते, आणि ठरवून न घेतलेल्या ओव्हरड्राफ्टचा दर ठरवून घेतलेल्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिच्या बँकेचा दर 39.9 टक्के होता. ऐकायला भयंकर, पण तीस पाउंड आठ दिवस उणे राहिले, 29 तारखेला घरून पैसे आले, आणि व्याज झाले 22 पेन्स. बँक व्याज रोज मोजते पण वसूल नंतर करते. म्हणून ही 22 पेन्सांची ओळ पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटवर, कशाशीही संबंध नसल्यासारखी एकटीच येते.

खरा तोटा बँकेकडे नव्हताच. परत गेलेल्या बिलावर कंपनी आपले शुल्क लावू शकते, आणि हप्ता चुकल्याची नोंद तिच्या पतइतिहासात गेली तर पुढे मोबाइलचा करार करतानाही ती आड येते. म्हणून मी तिला आधी वीज कंपनीला फोन करायला लावला. बिल भरलेले होते, शुल्क लावलेले नव्हते. काही मुले अशा वेळी रागाने बँकेत डायरेक्ट डेबिटच रद्द करतात. ते केव्हाही करता येते, पण देणे तसेच राहते आणि थकबाकी वाढते.

त्याच फोनवर तिने वसुलीची तारीख सातवरून एकवर आणून घेतली, कारण घरचे पैसे महिनाअखेरीस पोचतात. डिसेंबरमध्ये ती पुन्हा हॉटेलात उतरली. या वेळी काउंटरवर तिने आधी विचारले, किती होल्ड टाकणार आणि किती दिवस राहतो. उत्तर आले, पन्नास पाउंड, आठवडाभर. ॲपमध्ये वापरण्याजोग्या शिलकेवर बोट ठेवून तिने आठवड्यातली दोन बिले त्यातून वजा केली, आणि मगच कार्ड पुढे केले.