जुजबी ओळख आणि नेमकी विनंती

‘हाय दादा, ओळखलंत का? तुमच्या कंपनीत काही ओपनिंग असेल तर बघा ना.’ हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या कुठल्याही आयटी कंपनीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाच्या फोनमध्ये असे मेसेज पडून असतात. त्यातल्या बहुतेकांना उत्तर जात नाही, पण ते माणूस माजला म्हणून नव्हे. या मेसेजवर त्याला काही करायचं म्हटलं तर सगळं काम त्यालाच करावं लागतं. कोण हे आठवायचं, कंपनीतल्या शेकडो जागा चाळायच्या, त्यातली याला कुठली शोभेल ते ठरवायचं, मग सीव्ही मागवायचा. संध्याकाळी बघू म्हणून तो फोन ठेवतो आणि विषय तिथेच संपतो.

दूरच्या ओळखीवर नोकरी मागणं अनेकांना अवघड वाटतं. जवळचा मित्र असता तर गोष्ट वेगळी, असं ते म्हणतात. पण नोकरीच्या बाबतीत दूरची ओळख कमी कामाची नसते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्याने जागेची माहिती दिली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे सहापैकी जेमतेम एक निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे होते. त्याचा लेख 1973 साली आला. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, आणि दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांच्या माहितीवरून केलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने यात एक दुरुस्ती सुचवली. मधली, म्हणजे काही सामायिक माणसं असलेली जुजबी ओळख सर्वांत उपयोगी पडते. अगदीच नावापुरती ओळख तितकी नाही. कॉलेजचा सीनियर किंवा जुन्या कंपनीत शेजारच्या टीममध्ये असलेला माणूस या मधल्या गटात येतो.

आता त्या माणसाच्या बाजूने पाहू. ‘रेफर करतो’ म्हणजे तो नक्की काय करतो? बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी रेफरलचं पोर्टल असतं. तिथे आधी जागा निवडावी लागते आणि त्यासाठी तिचा क्रमांक, म्हणजे जॉब आयडी, हाताशी असलेला बरा. मग उमेदवाराचं नाव, ईमेल, मोबाइल आणि सीव्ही. पुढे बहुधा एक प्रश्न असतो: तुम्ही यांना कसे ओळखता, एकत्र काम केलं आहे का? काही ठिकाणी दोन ओळींची शिफारसही लिहावी लागते. माहिती समोर असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. आपला मेसेज म्हणजे या फॉर्मचा आधीच भरून दिलेला कच्चा मसुदा असावा, एवढंच यातलं कसब.

समजा, सांगलीत इंजिनिअरिंग केलेली एक मुलगी पुण्यात साडेतीन वर्षं टेस्टिंगचं काम करते आहे. तिला हव्या असलेल्या कंपनीत कॉलेजचा, दोन वर्षं पुढे असलेला सीनियर आहे. त्याच्याशी बोलणं झालं असेल ते तेव्हाच. तिचा मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार दादा. कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबमध्ये तुम्ही फायनल इयरला होतात तेव्हा मी सेकंड इयरला होते. तुमच्या कंपनीच्या पुणे ऑफिसात ऑटोमेशन टेस्टरची जागा निघाली आहे, लिंक आणि जॉब आयडी खाली देते. त्यांनी मागितलेल्यांपैकी सेलेनियम आणि जावावर मी साडेतीन वर्षं काम करते आहे, एपीआय टेस्टिंग वर्षभर केलंय, परफॉर्मन्स टेस्टिंग मात्र केलेलं नाही. मी स्वतः अजून अर्ज केलेला नाही. तुम्हाला योग्य वाटलं तर रेफर कराल का? माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये कॉलेजची ओळख एवढंच लिहिलं तरी चालेल. नाही जमलं तरी हरकत नाही, शुक्रवारनंतर मी वेबसाइटवरून अर्ज करेन. सीव्ही, ईमेल आणि मोबाइल सोबत आहे.’

यातल्या तीन वाक्यांवर थांबायला हवं. पहिलं, ‘अजून अर्ज केलेला नाही’. पुष्कळ कंपन्यांत उमेदवार स्वतः किंवा कन्सल्टन्सीमार्फत आधीच नोंदला गेला असेल तर त्याच जागेसाठीचं रेफरल सिस्टिम घेत नाही, किंवा घेतलं तरी रेफर करणाऱ्याच्या नावावर धरत नाही. आधी अर्ज ठोकून मग ओळख शोधणारे इथे फसतात. नियम कंपनीगणिक वेगळे असतात. म्हणून अर्ज झालेला असेल तर तसं स्पष्ट सांगावं. लपवलं तर फॉर्म भरताना कळतंच आणि वर त्या माणसाचा वेळ जातो.

दुसरं, ‘माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही’. हे वाक्य लिहायला जड जातं, पण दूरच्या ओळखीत सर्वांत मोलाचं तेच आहे. रेफर करणाऱ्याची खरी अडचण तो ‘कसे ओळखता’ हा रकाना असते. खोटं लिहावं तर उद्या एचआरने विचारलं की पंचाईत, खरं लिहावं तर समोरचीला वाईट वाटेल. तिनेच परवानगी दिल्यावर तो मोकळा होतो. परफॉर्मन्स टेस्टिंग येत नाही हे सांगण्यामागेही तोच हिशेब आहे, कारण अशी एक उणीव कबूल केली की बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

तिसरं, शुक्रवार. ही मुदत तिने स्वतःला घातली आहे, त्याला नाही. तो गप्प राहिला तरी तिची वाट अडत नाही आणि त्याला नकार तोंडाने द्यावा लागत नाही.

संबोधनाचं विचाराल तर, कॉलेजच्या सीनियरला दादा किंवा ताई शोभतं. ऑफिसातल्या ओळखीला नावापुढे सर किंवा मॅडम लावणं सुरक्षित. वयाने लहान असला तरी ‘तुम्ही’ सोडू नये. नुसतं ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट पाहण्याची पद्धत मला तरी वैतागवाणी वाटते, कारण समोरच्याला आधी दारावर येऊन कोण आहे ते विचारावं लागतं.

रेफरल खरंच झालं का, हे कसं कळणार? अनेक पोर्टलांवरून उमेदवाराला आपोआप मेल येतो आणि त्यातल्या लिंकवरून अर्ज पूर्ण करावा लागतो. तो स्पॅममध्ये पडून राहतो, किंवा सीव्हीवर एक ईमेल आणि मेसेजमध्ये दुसराच असतो, आणि ‘रेफर केलंय’ असं सांगूनही काही हलत नाही. ‘केलं’ असं कळलं की त्याच दिवशी मेल शोधावा आणि दिसला नाही तर तेवढंच विचारावं. त्याने उत्तरच दिलं नसेल तर आठवड्याने एक आठवण पुरे.

रेफरल लावून देतो म्हणून पैसे मागणारेही आता भेटतात. जागा भरली की अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यालाच बक्षीस देतात, तेही बहुतेकदा नवा माणूस काही महिने टिकल्यावर. उमेदवाराने कुणालाही काही द्यायचं नसतं.

रेफरलने फार तर सीव्ही रिक्रूटरच्या नजरेसमोर लवकर येतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजरशी त्या सीनियरची ओळखही नसते, त्यामुळे ‘जरा आत बोलून बघा’ असा दुसरा मेसेज पाठवू नये. निकाल लागला की मात्र त्याला कळवावं, निवड झाली नाही तरी. एकदा नाकारल्यावर ठरावीक महिने पुन्हा अर्ज घेत नाहीत अशाही कंपन्या आहेत. ती मुदत किती, हे विचारायलाही तोच माणूस योग्य.