बटाटा हलका झाला, पण कॅलरी वाढल्या

शाळेच्या परिपाठात पाहुण्याला जेमतेम सात मिनिटं मिळतात. उन्हात उभी असलेली मुलं त्यातली पाचच ऐकतात. म्हणून ‘तळलेलं खाऊ नका’ हे सांगण्यात मी ती घालवली नाहीत. सोबत एक उकडलेला बटाटा, वेफर्सचं पाकीट, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन पांढरे कागद नेले होते.

बटाटा काट्यावर ठेवला. सोललेला, 150 ग्रॅम. दुसऱ्या बाजूला वेफर्स ओतले, ते 47 ग्रॅम भरले. ‘जास्त कॅलरी कशात?’ असं विचारल्यावर बहुतेक हात बटाट्याच्या बाजूने वर गेले. डोळ्यांना तसंच दिसतं. वेफर म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी वस्तू.

आता हिशेब. 150 ग्रॅम बटाट्यात जवळजवळ 120 ग्रॅम पाणीच असतं आणि पाण्यात कॅलरी शून्य. उरलेले तीसेक ग्रॅम म्हणजे मुख्यतः पिष्ट. त्याच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी धरल्या तर अख्ख्या बटाट्याच्या साधारण 115 होतात. याच बटाट्याचे काप तळले की पाणी जवळपास सगळं उडतं आणि ते तीस ग्रॅम तेवढे राहतात. मग 47 कुठून आले? वरचे सोळा-सतरा ग्रॅम बहुतांशी तेल. तेलाच्या एका ग्रॅममागे 9 कॅलरी, म्हणजे दीडशेच्या आसपास त्याच्याच झाल्या. वजन तिपटीहून कमी झालं आणि कॅलरी 115 वरून 260 च्या पुढे गेल्या. पाकिटामागचा तक्ता वाचला तरी हेच कळतं: 100 ग्रॅम साध्या वेफर्समागे साडेपाचशेच्या घरात कॅलरी आणि सुमारे एक तृतीयांश चरबी.

‘पण सर, तेल आत जातं कधी?’ सहावीतल्या एका मुलीने विचारलं. प्रश्न नेमका होता. कढईत काप टाकला की चर्र आवाज होतो आणि बुडबुडे उठतात. ते बुडबुडे तेलाचे नव्हेत, बटाट्यातल्या पाण्याची वाफ असते. ती जोराने बाहेर पडत असते, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. काप झाऱ्यावर बाहेर आला की गंमत सुरू होते. तो निवू लागतो, आत उरलेल्या वाफेचं पाणी होतं, तिची जागा रिकामी पडते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल त्या पोकळ्यांमध्ये ओढलं जातं. बरंचसं तेल असं गॅसवरून उतरल्यावर मुरतं. म्हणून तळण कढईवरच झाऱ्यात धरून झटकून घ्यायचं, तेही गरम असताना. निवल्यावर कागदाने टिपलं तर फक्त वरचं तेल निघतं, आत गेलेलं तिथेच राहतं.

तेल लागतं ते पृष्ठभागाला, म्हणून काप जितका पातळ तितकं तेल अधिक. बटाटेवड्याच्या आतली भाजी तेल जवळपास पीतच नाही, पितं ते बाहेरचं बेसनाचं आवरण. त्यामुळे वजनाला वजन लावलं तर बदनाम वड्यापेक्षा वेफर्स जड पडतात. (वडा एकटा येत नाही, पावाला घेऊन येतो, ही गोष्ट वेगळी.) चकली आणि शंकरपाळ्यांच्या पिठात तर तळण्याआधीच मोहन पडलेलं असतं.

घरात फसगत होते ती तेल नीट तापलेलं नसताना. मग कड पटकन धरत नाही, पदार्थ कढईत रेंगाळतो आणि फिका, मऊ, तेलकट निघतो. तो दिसतो तरी. नीट तळलेला कुरकुरीत वेफर मात्र हाताला कोरडा लागतो, आणि त्यातच तिसरा हिस्सा तेल असतं. शिवाय पाणी गेल्यामुळे पोटात जागा फार लागत नाही. तीन उकडलेले बटाटे एका बैठकीत खाणारं मूल मी पाहिलेलं नाही. तीन बटाट्यांचे वेफर्स संपवणारी घरोघरी आहेत, आणि त्यांचे बाबाही.

शेवटी त्याच मुलीला पुढे बोलावलं. एका कागदावर तिने उकडलेल्या बटाट्याची फोड दाबली, दुसऱ्यावर तेवढेच वेफर्स चुरले. दोन्हीकडे ओला डाग पडला आणि दोन्ही सारखेच दिसत होते. कागद वर्गाच्या खिडकीत लावायला सांगून मी निघालो. दुपारी शाळा सुटताना बाईंनी फोटो पाठवला. बटाट्याचा डाग वाळून गेला होता. वेफर्सच्या डागातून खिडकीचे गज दिसत होते.