यमकात बसलेलं जलचक्र

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमध्ये जलचक्र शिकवताना एक छोटं गाणं गायलं जातं. त्याची चाल ‘शील बी कमिंग राउंड द माउंटन’ या जुन्या लोकगीताची. ती बऱ्याच मुलांच्या कानावरून आधीच गेलेली असते, त्यामुळे शिकायचे उरतात फक्त शब्द.

इव्हॅपोरेशन, कंडेन्सेशन, प्रेसिपिटेशन या तिन्ही अवघड संज्ञांचा शेवट सारखा आहे. गाण्यात त्या ओळींच्या टोकाला येतात, म्हणून यमक आपोआप जुळतं. प्रत्येक संज्ञेआधी कृती येते: पाणी वर जातं, ढग बनतात, पाणी खाली पडतं. होकाराचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि शब्द विसरलेलं मूलही तिथे गाण्यात परत सामील होतं.

मात्र जमिनीत मुरणारं पाणी आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ यांना या तीन टप्प्यांत जागा नाही. शिवाय गाणं पाठ असलेलं मूल ढगालाच वाफ समजू शकतं. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढगात दिसतात ते धुळीसारख्या सूक्ष्म कणांभोवती जमलेले थेंब किंवा हिमकण.

समज तपासायला एक प्रश्न पुरतो: बर्फाच्या पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब कुठून आले? ‘ग्लास पाझरला’ असं उत्तर आलं, तर कंडेन्सेशन पुन्हा शिकवावं लागेल.