थंड पाण्याची बाटली आणि परदेशातला दंतवैद्य

माझी धाकटी नणंद लग्नानंतर वर्षभरानं कौशाहून दम्मामला गेली. तिथे पोहोचून चार महिने झाले असतील, एके दिवशी फजरच्या आधीच तिचा फोन आला. आपल्याकडे साडेचार, म्हणजे तिथे रात्रीचे दोन. “भाभी, डाव्या बाजूची दाढ इतकी ठणकतेय की कानापर्यंत कळ जाते. थंड पाण्याची बाटली तोंडाशी धरूनच बसलेय. बाजूला ठेवली की परत सुरू.”

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर असल्यानं ती एकटीच जवळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर अरबी बोलणारे, इंग्रजी थोडंसंच. तिनं गालावर हात ठेवला, हातातली बाटली दाखवली आणि तिला ठाऊक असलेला एक शब्द वापरला, “बारिद, बारिद.” म्हणजे थंड. डॉक्टरांना वाटलं, थंड लागलं की हिचे दात शिवशिवतात. त्यांनी घाईत तोंडात पाहिलं, शिवशिवणाऱ्या दातांसाठीची पेस्ट आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. खरं तर तिला उलटं सांगायचं होतं, की थंडानं दुखत नाही, थंडानंच थांबतं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

थंड लागतं की थंडानं थांबतं?

दाताच्या मधोमध एक बारीक पोकळी असते. तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. बाहेरचं आवरण झिजलं किंवा कीड वरवरची असली, तर थंड पाणी लागताच झिणझिणी येते आणि पाणी गिळल्यावर काही सेकंदांत जाते. हे दुखणं साधं. पेस्टनं किंवा दात भरून ते बरं होऊ शकतं.

कीड खोल गेली की आतली नस सुजते. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला पसरायला जागा मिळते. दाताच्या आत ती मिळत नाही, कारण चारी बाजूंनी कठीण भिंत असते. मग दाब वाढतो आणि दाढ नाडीच्या ठोक्याबरोबर ठणकू लागते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री दुखणं जास्त. या अवस्थेत गरम चहाचा घोट घेतला तर कळ येते आणि कितीतरी मिनिटं राहते. थंड पाण्यानं मात्र तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रात्री हातात थंड पाण्याची बाटली घेऊन बसलेला माणूस दंतवैद्याला बरंच काही सांगत असतो. बहुधा ही नस वाचणारी नाही आणि रूट कॅनाल किंवा दाढ काढणं हेच मार्ग उरले आहेत. नणंदेच्या हातात हा पुरावा होता, पण भाषेअभावी त्याचा उलटा अर्थ लागला.

म्हणून परक्या भाषेतला एकच शब्द पाठ करून भागत नाही. कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं, ही जोडी सांगता आली पाहिजे. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी हव्यात. चहा गिळल्यावर दुखणं किती वेळ राहतं? आणि काही न खाता-पिता, झोपेतूनही उठवतं का?

आपल्याला ठाऊक असलेले शब्द

अरबी म्हटलं की आपण बिचकतो. पण उर्दू ऐकत, कुरआन वाचत वाढलेल्या माणसाला दंतवैद्याकडचे निम्मे शब्द ओळखीचे असतात. दात म्हणजे सिन्न. हा शब्द सूरह अल-माइदाच्या ४५ व्या आयतीत आहे. दुखणं म्हणजे अलम, ‘अलीम’ शब्दाच्याच घराण्यातला. बोलताना वजअ हा शब्दही चालतो. हकीमसाहेब सांधेदुखीला वजउल मफासिल म्हणतात, तोच हा. सूज म्हणजे वरम. नस म्हणजे असब, आणि रूट कॅनालला तिथे सरळ ‘इलाज अल-असब’ म्हणतात. दाढ म्हणजे दिर्स (काही जण धिर्स म्हणतात), तर अक्कलदाढ म्हणजे दिर्स अल-अक्ल. अक्कल दोन्हीकडे एकच!

नणंदेला आम्ही फोनवर पाच वाक्यं लिहून दिली. ती अशी:

इंदी अलम फिद्-दिर्स. – माझी दाढ दुखते.
तहत, यसार. – खाली, डावीकडे. (वर म्हणजे फौक, उजवीकडे म्हणजे यमीन.)
अल-अलम अक्थर मअश्-शाय. – चहानं जास्त दुखतं.
अकल्ल मअल्-बारिद. – थंडानं कमी होतं.
युसह्हीनी बिल्-लैल. – रात्री झोपेतून उठवतं.

अक्थर म्हणजे आपल्या ‘अक्सर’चाच मूळ शब्द, अर्थ जास्त. ‘गरम’साठी हार्र हा शब्द आहे, पण आम्ही मुद्दाम शाय, म्हणजे चहा, घातला. हार्र म्हणजे गरम आणि हार्र म्हणजे तिखटही. ‘हार्र खाल्लं की दुखतं’ म्हटलं तर डॉक्टरांना मिरचीची शंका यायची.

आखातात केरळचे आणि फिलिपाइन्सचे दंतवैद्यही पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. तिथे आपल्या मराठीतल्या छटा हरवू देऊ नका. ठणका म्हणजे थ्रॉबिंग. अचानक येणारी कळ म्हणजे शार्प पेन. शिवशिवणं म्हणजे सेन्सिटिव्ह. कळ मागे रेंगाळते हे सांगायला ‘इट स्टेज फॉर टेन मिनिट्स’ म्हणा. चावल्यावर दुखतं याला ‘पेन ऑन बायटिंग’. नुसतं ‘पेन, पेन’ म्हटल्यानं यांतलं काहीच पोहोचत नाही.

नेमकी कुठली दाढ?

सुजलेल्या नसेचं दुखणं फसवं असतं. खालची दाढ बिघडलेली असताना वरची दुखतेय असं वाटतं, कान दुखतो, कधी कानशीलही. एका दाताची ही कळ सहसा मधली रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जात नाही. त्यामुळे डावी-उजवी नीट सांगता येते, वरची की खालची हे मात्र खात्रीनं सांगता येत नाही. नसेल खात्री तर तसंच सांगावं. डॉक्टर थंड लावून, दात ठोकून आणि एक्स-रे काढून शोधतात. आपण ठामपणे चुकीची दाढ दाखवली तर त्यांचा वेळ वाया जातो. आणखी एक सावधगिरी. आपण समोरासमोर असतो, म्हणून ‘डावी’ म्हणताना त्या गालाला बोटानं स्पर्श करावा.

दातांना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात. वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. प्रत्येक बाजूला मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचं. खालच्या डाव्या बाजूची सहावी, म्हणजे पहिली मोठी दाढ, ती ३६. तुमच्या ठाण्या-कल्याणच्या दंतवैद्याच्या कागदावर ‘36’ असेल, तर आखातातल्या डॉक्टरांनाही बहुधा ते कळेल. अमेरिकेत मोजणी वेगळी आहे, हीच दाढ तिथे १९ ठरते. त्यामुळे क्रमांकासोबत ‘खालची डावी पहिली दाढ’ असंही लिहून ठेवा. नणंदेच्या जुन्या फाइलमध्ये ३६ क्रमांकाची दाढ चार वर्षांपूर्वी भरल्याची नोंद होती. मी तिचा फोटो पाठवला.

दुसरी भेट

दोन दिवसांनी ती दुसरीकडे गेली. या वेळी तबीबा, म्हणजे लेडी डॉक्टर, मागून घेतली. चिठ्ठी वाचताच बाईंनी ३६ वर थंड लावून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि एक्स-रे घेतला. जुन्या भरावाखाली कीड नसेपर्यंत पोहोचली होती.

आता विचारण्याची पाळी आपली. पहिला प्रश्न, ‘इलाज, वल्ला खलअ?’ म्हणजे उपचार की काढून टाकणं? दाढ वाचणार असेल तर हे विचारल्याशिवाय काढायला होकार देऊ नये. दुसरा, ‘कम जलसा?’ किती बैठका? इथे जलसा म्हणजे दंतवैद्याकडची बैठक. तिसरा, ‘बिकम?’ कितीला? त्यात रूट कॅनालनंतरची टोपी धरली आहे का, हे वेगळं विचारावं. टोपी टाळली तर पोकळ झालेली दाढ पुढे फुटू शकते. चौथा, ‘तअमीन?’ विमा. विम्याची मंजुरी म्हणजे मुवाफका. ती यायला वेळ लागला, तर तोवर दुखणं थांबवण्यासाठी काय करणार, तेही विचारा.

आपल्याकडूनही काही सांगणं बाकी असतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ‘इंदी हसासिया मिनल्-बेन्सिलीन’. दिवस गेले असतील तर ‘अना हामिल’, आणि हे एक्स-रेच्या आधी सांगावं. सुईला बिंज म्हणतात. सुई दिल्यावरही दुखलं तर डावा हात वर करायचा, असं आधीच ठरवून घ्यावं. तोंड उघडं असताना कुठलीच भाषा चालत नाही. गोळी घेतली असेल तर आपल्याकडचं ब्रँडचं नाव न सांगता औषधाचं मूळ नाव सांगा: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या इथून सोबत नेऊ नका. सौदी व अमिरातीत त्यांवर कडक नियंत्रण आहे.

दुखणं एकाएकी थांबलं तर

समजा नणंद दुसऱ्या भेटीला गेलीच नसती, तर काही दिवसांत दुखणं आपोआप थांबलंही असतं. नस मेली की ठणका थांबतो. लोकांना वाटतं, दाढ बरी झाली. मग जंतू मुळाच्या टोकाबाहेर हाडात जातात, दाढ उंच झाल्यासारखी वाटते, चावलं की दुखते आणि पुढे सूज येते. अँटिबायोटिकनं सूज उतरू शकते, पण मेलेल्या नसेपर्यंत रक्त जात नसल्यानं औषधही पोहोचत नाही. दाताचा उपचार राहतोच.

सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सरकली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता किंवा श्वास घेता येईना, तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट पाहू नका. थेट मोठ्या इस्पितळाच्या तवारी, म्हणजे इमर्जन्सी विभागात जा. रुग्णवाहिकेसाठी सौदीत ९९७, अमिरातीत ९९८.

नणंदेची दाढ तीन बैठकांत वाचली, अल्हम्दुलिल्लाह. आता आमच्या घरातून कुणी बाहेरगावी निघालं की तिकिटाआधी तोंड तपासून घेतो आणि दातांचा एक्स-रे व क्रमांकाचा कागद मोबाइलमध्ये ठेवतो. परवा भाचा दोह्याला निघाला, तेव्हा तिनंच त्याला फोनवर ताकीद दिली, “नुसतं बारिद म्हणू नकोस रे. थंडानं वाढतं की थांबतं, ते सांग.”