उन्हात टायर का फुटतो, आणि स्प्रेचा डबा का?

"ऊन फार आहे, हवा जरा कमीच भरा, नाहीतर टायर फुटेल." एप्रिल-मेमध्ये सायकलच्या दुकानात हा सल्ला हमखास ऐकू येतो. त्याच्या मुळाशी समज असा, की तापल्यावर आतली हवा फुगते.

पण फुगायला तिथे जागाच नसते. टायरचा आकार जवळजवळ तेवढाच राहतो, रेणूंची संख्या तीच राहते आणि रेणू काही मोठे होत नाहीत. वाढतो तो त्यांचा वेग. समजा तो 5 टक्क्यांनी वाढला. मग ट्यूबच्या भिंतीवरची प्रत्येक धडक 5 टक्के जास्त जोराने बसते, शिवाय पुढची धडकही तितक्याच लवकर येते. दोन्ही मिळून दाब सुमारे 10 टक्क्यांनी चढतो.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. तापमान 25 वरून 50 अंशांवर गेलं की दाब दुप्पट, असं अनेकांना वाटतं. हा हिशेब शून्य अंशापासून नव्हे, उणे 273 पासून मांडायचा असतो. शिवाय गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरच्या हवेचे साधारण 15 पीएसआय त्यात मिळवावे लागतात.

सकाळी 25 अंशांना 60 पीएसआय हवा भरली, म्हणजे आतला खरा दाब 75. दुपारी टायर 55 अंशांपर्यंत तापला, तर 75 गुणिले 328 भागिले 298, म्हणजे साडेब्याऐंशी. त्यातून 15 वजा केले की गेजवर साडेसदुसष्ट. वाढ झाली साडेसात पीएसआयची. धड टायर एवढ्याने फुटत नाही. जुना, भेगाळलेला टायर आधीच काठोकाठ भरला असेल, तर मात्र ही वाढ शेवटचा धक्का ठरू शकते. उलट हवा कमी भरली, की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली, तर पंक्चरचं कारण खिळा नव्हे, हेच समजा.

डिओडरंटच्या डब्याची गोष्ट वेगळी, आणि खरी धास्ती तिथे बाळगायला हवी. अनेक डब्यांत ब्युटेनसारखा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. तापमान वाढलं की त्या द्रवाची आणखी वाफ होते. म्हणजे रेणूंचा वेग तर वाढतोच, संख्याही वाढते. 20 अंशांवरून 50 अंशांवर जाताना नुसत्या हवेचा दाब 10 टक्के वाढेल. ब्युटेनचा जवळपास अडीचपट होतो. डबा अर्धा रिकामा आहे म्हणून दाबही निम्मा, हाही भ्रम. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब भरलेल्या डब्याइतकाच असतो.

डब्यावर 50 अंशांची मर्यादा छापतात ती यामुळे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो. तेव्हा स्प्रे गाडीत ठेवू नका, आणि "संपलेला" डबा कचऱ्याबरोबर जाळू नका. सायकलमध्ये मात्र टायरवर छापलेल्या मर्यादेत, नेहमीइतकी हवा खुशाल भरा.