वाक्य उचलताना पुढचं वाक्यही ऐका

तासाभराच्या पॉडकास्टमधलं पाहुण्याचं एखादं वाक्य इन्स्टाग्रामवर मोठ्या अक्षरांत झळकतं. बोटाने सरकवलं की पुढची स्लाइड येते आणि शेवटी ‘पूर्ण भाग ऐका’ असं आवाहन असतं. स्लाइडच्या या मालिकेला कॅरोसेल म्हणतात. २०२४पासून तिच्यात २० स्लाइड बसतात, पण एका भागासाठी सहा-सात पुरतात. खरी मेहनत आहे ती वाक्य निवडण्यात.

समजा, लासलगावकडचे एक कांदा उत्पादक पाहुणे आहेत. २७व्या मिनिटाला ते म्हणतात, “कांदा चाळीत टाकला की आम्ही शेतकरी राहत नाही, जुगारी होतो.” पंधरा शब्दांच्या आतलं, ऐकताच लक्षात राहणारं वाक्य. पण लगेच पुढे ते सांगतात, “चाळ नसती तर मात्र मिळेल त्या भावाला विकून मोकळं व्हावं लागलं असतं.” पहिलंच वाक्य उचललं तर चाळीवर टीका केल्यासारखं वाटेल. त्यांचं म्हणणं तर उलट आहे: धोका असूनही चाळ हवीच.

म्हणून पहिल्या स्लाइडवर ते वाक्य आणि बोलणाऱ्याची ओळख द्यावी. दुसरीवर निवेदकाने काय विचारलं होतं ते. तिसरीवर ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेली पार्श्वभूमी: उन्हाळी कांदा काही महिने चाळीत ठेवतात, तेवढ्यात वजन घटतं, थोडा सडतो आणि पुढचा भाव कोणालाच माहीत नसतो. चौथीवर तो ‘मात्र’ यायलाच हवा.

बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ना’ गाळले तर बिघडत नाही. दहा मिनिटांच्या अंतराने आलेली दोन वाक्यं जोडून एक करणं मात्र चुकीचं. आपोआप तयार झालेल्या लिखित मजकुरावरही विसंबू नये. मराठीत ‘चाळ’चं ‘चाल’ सहज होतं. निवडलेला तुकडा, त्याच्या मागचं-पुढचं मिनिटभर धरून, कानाने ऐकावाच. पोस्ट करण्याआधी स्लाइड पाहुण्यांना दाखवल्या, तर उरलेली चूकही तिथेच पकडली जाते.

शेवटच्या स्लाइडवर नुसतं ‘जरूर ऐका’ लिहून भागत नाही. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबून उघडत नाही. माणसाला प्रोफाइलवर जावं लागतं किंवा ॲपमध्ये भाग शोधावा लागतो. एवढा खटाटोप करायला कारण हवं. ‘चाळीतला किती कांदा फेकावा लागला, हा हिशेब ३१व्या मिनिटाला’ असं लिहिलं, तर नेमकं काय ऐकायचं आणि कुठे, दोन्ही कळतं. तो हिशेब स्लाइडवर मात्र देऊ नये.

कॅरोसेल भरपूर शेअर झालं, पण भागाचे श्रोते वाढले नाहीत, तर आधी हेच तपासावं: ऐकण्यासाठी आपण काही शिल्लक ठेवलं होतं का?